हार घातलेला फोटो

हे लिहायला बसलो खरा, पण आपण लिहावं का, हे अजून मनाशी ठरलेलं नाही. ज्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्या घरातला मी माणूस. नोकरी कचेरीत झाली, लिहिलं ते कचेरीचंच. आठवणी लिहिणारी माणसं मोठी असतात, त्यांनी काही केलेलं असतं, असं मी समजत आलो. शिवाय घरातलं चारचौघांत मांडलं की काय होतं, हे मी सौंसरच्या शाळेच्या आवारात, भोंग्यातून येणाऱ्या आवाजासकट पाहिलेलं आहे. तो धक्का इतक्या वर्षांनंतरही माझ्या अंगातून पूर्ण गेलेला नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं आणि जिथे माझा हात अडखळेल तिथे थोडं थांबावं.

आमचं घर सौंसरला, छोट्या लाईनच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या गाडीच्या, स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. दोन खोल्या, मागे परसात एक शेवग्याचं झाड आणि चूल. छोटी गाडी शिट्टी देत रामाकोन्याकडे निघाली की आई पीठ मळायला घ्यायची. घड्याळ आमच्याकडे नव्हतं आणि त्या गाडीच्या बेभरवशाच्या वेळेवरच आमची भाकर ठरायची. संत्र्याच्या दिवसांत आई बागेत माल निवडायला जायची आणि बाकीचे दिवस कापूस वेचायला. थंडीत ती परत आली की तिच्या लुगड्याला संत्र्याच्या सालीचा वास यायचा आणि बोटांना कापसाच्या बोंडांनी ओरखडे पडलेले असायचे. त्या बोटांनी ती हिरव्या मिरचीचा ठेचा वाटायची, आणि आम्ही विचारायचो, "झोंबत नाई का माय?" ती म्हणायची, "झोंबन नाई तं ठेचा कायचा?"

माझे वडील, गुलाबराव, संत्र्याच्या पेट्या ठोकायचे. लाकडी फळ्या, आत गवत, गवतात संत्री, वरून पट्टी आणि खिळे. पांढुर्ण्याला माल वॅगनमध्ये भरला की मालासोबत एखादा माणूस दिल्लीच्या मंडईपर्यंत जायचा. एका हंगामात वडील असे गेले आणि परत आले नाहीत. पेट्यांचा मालक म्हणाला, माल पोचला, माणूसही पोचला होता, पुढचं माहीत नाही. कोणी म्हणे गाडीखाली आला असेल, कोणी म्हणे तिकडेच कामाला लागला असेल. मी तेव्हा पहिलीत होतो. माझी बहीण रेखा इतकी लहान होती की तिला वडिलांचा चेहरा फक्त फोटोतून ठाऊक. तो फोटो बाहेरच्या खोलीत खुंटीला होता. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे त्याचाच कोट घालून काढलेला, बाह्या हाताच्या खाली उतरलेल्या, आणि चेहऱ्यावर हसू आवरून धरल्यासारखं काहीतरी. आई रोज कपाळाला कुंकू लावायची. विचारणाऱ्या बायांना एकच उत्तर द्यायची, "कामाले गेले हायेत, येतीन." आमच्या घरात या विषयावर याहून जास्त बोलणं कधी झालं नाही. आम्ही भावंडांनी आपापसातही केलं नाही.

मी पांढुर्ण्याला कॉलेजात गेलो तेव्हा मामाकडे राहायचो आणि सुट्टीला मोहगावावरून येणाऱ्या बसने घरी यायचो. पहिल्याच वर्षी दिवाळीला आलो तर शाळेतल्या वासेकर बाईंचा निरोप होता. त्या मला मराठी शिकवत. मी घाबरतच त्यांच्या घरी गेलो. त्यांनी एका जुन्या दिवाळी अंकातली कथा समोर ठेवली आणि म्हणाल्या, "यंदा गॅदरिंगला हे करायचं. दरवर्षी तेच ते राजा-प्रधानाचं नाटक करून पोट्टे कंटाळले. तू कॉलेजात गेलास ना? याचं नाटक करून दे."

मी म्हणालो, "बाई, मले नाटक कुठं येते?"

"मलेही येत नाही. म्हणून तर दोघं मिळून करू."

कथा साधी होती. वडील वारलेले, आई आणि धाकटा मुलगा संत्र्याची बाग सांभाळतात, शहरात नोकरी करणारा थोरला ती बाग विकायला येतो, विक्रीच्या कागदावर आईचा अंगठा घ्यायचा म्हणून, आणि तीन दिवस राहून कागद तसाच घेऊन परत जातो. मी आधी सोपं समजलो. कथेतली बोलण्याची वाक्यं उतरवली, प्रत्येकापुढे नाव लिहिलं, झालं नाटक. बाईंनी ते वाचून पाहिलं तर दहा मिनिटांत संपलं आणि कोणाला काही कळलं नसतं. कारण कथेतलं सगळं घडत होतं थोरल्याच्या मनात. बसमध्ये बसून तो आठवतो, बागेतून चालताना त्याला वाटतं, रात्री झोप येत नाही तेव्हा तो विचार करतो. बाई म्हणाल्या, "वाटतं, आठवतं, जाणवतं, हे शब्द जिथे जिथे आहेत तिथे खूण कर. तेवढं सगळं प्रेक्षकांना दिसणार नाही. ते एकतर बोलायला लागेल, नाहीतर करून दाखवायला लागेल, नाहीतर सोडायला लागेल." खुणा केल्या तर पान पेन्सिलीने काळं झालं.

मग आम्ही खरं काम सुरू केलं. कथेत बस होती, रस्ता होता, बाग, घर, दलालाची ओसरी, पुन्हा बस. शाळेच्या मंचावर पडदा एकच आणि तो ओढायला दोन मुलं. दर प्रवेशाला सामान बदलायचं म्हटलं तर अर्धा वेळ प्रेक्षक पडद्याकडेच बघत बसणार. म्हणून सगळं एका खोलीत आणलं. बाग बाहेर आहे असं समजायचं आणि आत येणाऱ्याच्या हातात संत्री द्यायची. दलालाला घरी बोलावलं. तीन दिवसांची एक संध्याकाळ केली, त्यामुळे थोरल्याची शेवटची बस सुटायच्या आत निर्णय व्हायला हवा, अशी घाई आपोआप आली, जी कथेत नव्हती. आई कथेत जवळजवळ मुकी होती. लेखकाने तिच्याबद्दल सुंदर लिहिलं होतं, पण मंचावर मुकी बाई नुसती बसून राहिली तर तिचं मन कोणाला कळणार? म्हणून एक शेजारीण घातली, जिच्यापाशी ती बोलेल. मंचाच्या मधोमध वरून टांगलेला माईक एकच असायचा, जो त्याच्यापासून लांब जाईल त्याचं बोलणं नुसतं ओठांनी दिसायचं. म्हणून चूल अगदी माईकखाली मांडली. चूल मधे आली तशी आईही मधे आली, आणि थोरल्याची गोष्ट हळूहळू आईचीच होऊन बसली. लेखकाला अंकाच्या पत्त्यावर पत्र घालून परवानगी मागितली होती. त्यांचं कार्ड आलं, की खुशाल करा, फक्त शेवट गोड करू नका. बाईंनी ते कार्ड सगळ्या मुलांना वाचून दाखवलं.

भाषेचंही असंच झालं. कथेतली आई म्हणायची, "तुला योग्य वाटेल ते कर." आमच्याकडे ते कोणाच्या तोंडात बसेना. मी ते बदलून लिहिलं, "तुले जमन तसं कर बापा, मले काय विचारून राहिला?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आता ही बाई जित्ती झाली." ते वाक्य मी कुठून आणलं हे त्यांनी विचारलं नाही. मलाही तेव्हा उमगलं नव्हतं की त्या आईचं एकेक वाक्य मी आमच्या चुलीपुढून उचलून आणतो आहे.

अडलं ते एका जागी. कथेत पहिल्याच ओळीत होतं की वडील जाऊन चार वर्षं झाली. हे मंचावर सांगायचं कसं? मी शेजारणीच्या तोंडी घातलं, "तुमचे मालक जाऊन चार वर्षं झाली ना वहिनी?" बाईंनी चष्मा काढला. "अरे, ते तिला माहीत नाही का? शेजारीण तिला कशाला सांगेल? हे ती प्रेक्षकांना सांगून राहिली, आणि तसं सांगितलं की नाटक खोटं पडते." मी ओशाळलो. मामाच्या घरी मी आठवडाभर त्यावरच डोकं चालवत होतो. मग एकदम सुचलं. भिंतीवर हार घातलेला फोटो. पडदा उघडला की एक शब्द न बोलता सगळ्यांना कळेल, या घरातला माणूस गेला. आणि मग पुढचंही सुचत गेलं. आई कामं करता करता त्या फोटोशी बोलेल, म्हणजे तिचं मनातलं सगळं बाहेर येईल. थोरला शेवटपर्यंत फोटोकडे पाठ करून बसेल आणि अगदी शेवटी वळेल. शेजारणीचं काम निम्मं कापलं. बाईंनी ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि मग म्हणाल्या, "हे कथेत नाही, पण कथेचंच आहे." त्या दिवशी पांढुर्ण्याच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून एकटाच हसत होतो. आयुष्यात काही साधलं असं मला पहिल्यांदा वाटलं होतं.

आईचं काम रेखाला मिळालं. ती नववीत होती, आवाज खणखणीत होता. तालमीत भिंतीवर खडूने चौकट काढून ठेवलेली असायची आणि तिने त्या चौकटीशी बोलायचं. मी एका रविवारी तालीम बघायला गेलो तर ती पाठ केलेलं म्हणत होती. "आयकून राहिले का? थोरला आला. बाग इकाची म्हणते." बाई म्हणाल्या, "रेखा, तो तुझा नवरा होता, पोरी. खडू नव्हता." मुलं खिदळली. थोरल्याचं काम करणारा वासुदेव म्हणाला, "बाई, खडूच्या नवऱ्याले रडाले कसं येईन?" रेखा त्याच्या अंगावर डस्टर घेऊन धावली.

खरा फोटो कुठून आणायचा, हा प्रश्न बाईंनी वर्गात टाकला होता हे मला नंतर कळलं. पुढाऱ्याचा चालणार नाही, लोक ओळखतील. देवाचाही नाही. ज्यांच्या घरी गेलेल्या माणसाचा फोटो होता ते तो नाटकासाठी खुंटीवरून उतरवून द्यायला तयार नव्हते, आणि जित्या माणसाचा फोटो हार घालायला कोण देईल? शेवटी रेखा म्हणाली, "मी आणतो बाई." बाईंना वाटलं, हिने कुठून तरी जुनी तसबीर मिळवली असेल. बाई मूळच्या बैतूलकडच्या, आमच्या वडिलांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

गॅदरिंगच्या दिवशी माझी बस मोहगावला टायर फुटून उभी राहिली. मी शाळेत पोचलो तेव्हा मुलींचा नाच संपत आला होता आणि आवारात माणूस मावत नव्हतं. पोरांची शाळा म्हणून रामाकोना, मोहगाव, कुठून कुठून आईबाप आलेले. निंबाच्या झाडावर भोंगा बांधलेला. मी मागच्या दाराने मंचावर चढलो आणि बाईंनी माझ्या हातात संहिता आणि बॅटरी देऊन मला उजव्या बाजूच्या पडद्याआड उभं केलं. कोणी वाक्य विसरलं तर मी हळूच सांगायचं. तिथून मला चूल दिसत होती, रेखा दिसत होती, नऊवारी लुगड्यात एवढीशी. पण फोटोची भिंत माझ्याच बाजूला होती. फोटो टांगलेली सुतळी तेवढी मला दिसत होती, कारण ती भिंत म्हणजे चौकटीला ताणलेलं कापड होतं आणि मी तिच्या मागे होतो. समोर प्रेक्षकांचे चेहरे मात्र स्वच्छ दिसत होते. पुढून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, बायांच्या बाजूला, आई बसली होती. लेकीचं काम बघायला तिने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं.

पडदा सरकला. मी वाट बघत होतो त्या क्षणाची, लोकांना न बोलता कळण्याची. आणि लोकांना कळलं. पण कसं कळलं ते मी पाहिलं. आधी एका बाईने दुसरीच्या कोपराला हात लावला. मग मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अवो, हा तं गुलाबराव!" दुसरा म्हणाला, "काऊन, खबर आली का?" मला काही समजेना. माझ्या नाटकात गुलाबराव नावाचं कोणी नव्हतं. मी बॅटरीच्या उजेडात पान चाळून पाहिलं, इतका मी गोंधळलो. वर पाहिलं तर रांगेतल्या सगळ्या बाया मंचाकडे न बघता आईकडे बघत होत्या.

रेखाला हे काही ऐकू गेलं नसावं. ती फोटोकडे तोंड करून बोलायला लागली, आणि ती पाठ केलेलं म्हणत नव्हती. "आयकून राहिले का? किती दिवस झाले तुमाले जाऊन. पोट्टे मोठे झाले. तुमी पाहाले पायजे होते." यातलं शेवटचं वाक्य संहितेत नव्हतं. तिचा आवाज भरून आला होता आणि ती खरंच रडत होती. काय झालं असेल ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी कापडाच्या कडेने वाकून पाहिलं. मोठ्या बाह्यांचा तो कोट. त्यावर झेंडूचा टपोरा हार, कपाळाच्या जागी काचेवर चंदनाचा टिळासुद्धा लावलेला. मी पुन्हा रांगांकडे पाहिलं.

आई उठली होती. ती घाईने आली नाही. बायांनी पाय आखडून तिला वाट दिली. ती मंचाच्या पायऱ्या चढली, रेखाच्या शेजारून गेली, आणि तिने टाचा उंचावून फोटोवरचा हार काढला. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना तो नाटकाचाच भाग वाटला आणि पोरांच्या बाजूने टाळ्या पडल्या. आई हार हातात धरून रेखापाशी परत आली ती नेमकी माईकखाली. म्हणाली, "जित्या मानसाच्या फोटोले हार घालून राहिली का वं?" ती हळू बोलली होती. पण माईकने ते उचललं आणि निंबावरच्या भोंग्यातून ते सगळ्या आवारात, रस्त्यापर्यंत गेलं. टाळ्या जागीच थांबल्या.

रेखा म्हणाली, "माय, मले वाटलं..."

"काय वाटलं?"

"मले वाटलं तुले बी मालूम हाय."

हेही सगळं भोंग्यातून गेलं. पडदा ओढायच्या पोरांना कोणी सांगेना आणि ते दोरी धरून उभेच. शेवटी वासेकर बाईंनी स्वतः दोरी ओढली. पडद्याआड बाई आईचे हात धरून "मला खरंच माहीत नव्हतं हो" म्हणत होत्या. आई त्यांना म्हणाली, "तुमचा काय दोष बाई? नाटक बेस होतं." तिने पदराने काचेवरचा टिळा पुसला आणि फोटो काखेत घेतला. नाटक तिथेच राहिलं. थोरला काही वळला नाही.

घरी आल्यावर आईने रोजच्यासारखं झुणका-भाकर केली. रेखाला मारलं नाही, बोलली नाही. आई निघायच्या तयारीत असताना रेखाने उतरवून नेलेला फोटो तिने पुन्हा खुंटीला लावला. रेखा ताट सारून बसली तेव्हा तेवढं म्हणाली, "जेव. तू रडली चांगली." मला आजही या वाक्याचा नीट अर्थ लागत नाही. तिला राग होता का, की कोणीतरी त्या माणसासाठी उघडपणे रडलं याचं तिला बरं वाटलं होतं? रेखा आता स्वतः आजी झाली आहे. मागे मी तिला विचारलं, तुला तेव्हा खरंच वाटायचं का की ते गेले? ती म्हणाली, "दादा, ज्याले मी पाह्यलाच नाई, तो जित्ता हाय असं मले कोणी सांगतलं होतं? तुमी दोघं तं बोलतच नव्हते."

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. अर्ध्यांनी नाटक पाहिलं होतं, अर्ध्यांनी नुसतं ऐकलं होतं की गुलाबरावच्या फोटोला हार चढला. रामाकोन्याची वडिलांची चुलत बहीण रडतच दारात आली. आईने तिला पाणी दिलं, चहा दिला, कपाळावरच्या कुंकवाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "रडू नका, काई झालं नाई." पण तोंडी पसरलेली गोष्ट कोण थांबवणार? संत्र्याचा हंगाम होता. सौंसरहून ती मोहगावला गेली, मोहगावहून पेट्या ठोकणाऱ्यांबरोबर पांढुर्ण्याला, आणि तिथून मालासोबत जाणाऱ्या माणसांबरोबर वर.

पुढे जे कळलं ते मी आईला कधी सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत कुंकू लावत होती आणि शेवटपर्यंत तिचं उत्तर तेच होतं. आज ती नाही, म्हणून लिहितो.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पांढुर्णा स्टेशनाच्या मालधक्क्यावरून जात असताना मोहगावचे नथ्थूकाका दिसले. वडिलांच्या जोडीने पेट्या ठोकणारे. मला पाहून त्यांनी हातोडी बाजूला ठेवली आणि विडी पेटवली. बराच वेळ इकडचं तिकडचं विचारत राहिले, अभ्यास, मामा, पाणीपाऊस. मग मान खाली घालूनच म्हणाले, "तुया बाप भेटला होता मले. दिल्लीले. मंडईच्या मागं राह्यते. तिकडची बाई हाय, दोन पोट्टे हायेत."

मी खाली बसलो. गवताचा भारा होता, त्यावर बसलो.

"कवा भेटले?"

"ते तुयं नाटक झालं ना, त्याच सालचा माल होता. मीनंच सांगतलं त्याले. म्हटलं, गुलाबा, तिकडं तुया फोटोले हार घातला पोरीनं, साऱ्या गावानं पाह्यलं. मले वाटलं, आता हा उठन, गाडीत बसन."

"मंग?"

"इचारलं, हार कायचा होता? म्हटलं, झेंडूचा. मंग इचारलं, कोणी काढला? म्हटलं, तुया बायकोनं. भर मंचावर चढून काढला." नथ्थूकाकांनी विडी धक्क्याच्या कडेवर विझवली. "पेटीतलं गवत सारखं केलं त्यानं. मंग म्हणे, काढाले नव्हता पायजे."